"रिपोर्ट परत गंडलाय" तसंच फॉरवर्ड करायचं, फॉर्म भरून घ्यायचा, की स्वतः तिकीट लिहायचं?

ऑफिसातले लोक ग्रुपवर बग टाकतात आणि तो व्हेंडरपर्यंत पोचवायचं काम कुणा एकाकडे येतं. ते काम तुमच्याकडे असेल तर तीन रस्ते आहेत. एकच उदाहरण घेऊन तिन्ही बघू.

समजा रात्रपाळीच्या सुपरवायझरने लिहिलं: "रोजचा रिपोर्ट परत चुकलाय, एंट्र्या गायब होतात, कधीकधी बरोबर पण येतो, तुमच्या नव्या अपडेटने वाट लावली, लवकर बघा."

पहिला रस्ता, हाच मेसेज जसाच्या तसा पाठवायचा. एका मिनिटात काम होतं, पण सपोर्टवाला स्वतःच्या मशीनवर दुपारी एंट्री करून बघणार, त्याला सगळं बरोबर दिसणार आणि तो "स्क्रीनशॉट पाठवा, कोणता रिपोर्ट?" विचारून तिकीट "ग्राहकाच्या उत्तराची वाट" मध्ये टाकणार. बऱ्याच सपोर्ट सिस्टिममध्ये या स्थितीत एसएलएचं, म्हणजे किती वेळात उत्तर द्यायचं या ठरलेल्या मुदतीचं, घड्याळ थांबतं आणि उत्तर आलं नाही तर तिकीट आपोआप बंद होतं. सिस्टिम पूर्णच बंद पडली असेल तेव्हा मात्र हाच रस्ता बरोबर, तेव्हा फोन करा आणि एक ओळ लिहा, पायऱ्या लिहीत बसू नका.

दुसरा, सुपरवायझरकडूनच फॉर्म भरून घ्यायचा. एकाच प्रकारच्या तक्रारी सारख्या येत असतील, म्हणजे लॉगिन, प्रिंट वगैरे, तर हे छान चालतं. पण आपल्या केसमध्ये "पायऱ्या" च्या रकान्यात तो "रिपोर्ट उघडला" एवढंच लिहिणार, कारण नेमकं कधी चुकतं ते त्यालाच माहीत नाहीये. शिवाय फॉर्म लांबला की लोक बग कळवणंच सोडतात, हे जास्त वाईट.

तिसरा, तुम्ही त्याच्याशी बोलून, स्वतः करून बघून तिकीट लिहायचं. अर्धा-पाऊण तास जातो. पण "कधीकधी" हा शब्द जिथे आहे तिथे मी हाच रस्ता घेईन, कारण त्या शब्दामागची अट शोधणं हेच खरं काम आहे. गायब झालेल्या एंट्र्या किती वाजताच्या होत्या हे विचारलं की कळतं, सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या. मग चार टेस्ट एंट्र्या वेळेवर करून घ्यायच्या आणि लिहायचं:

शीर्षक: रोजच्या रिपोर्टमध्ये रात्री 12 नंतरच्या काही एंट्र्या आदल्या दिवसात दिसतात

नमस्कार, खालील अडचण तपासून द्याल का?

पायऱ्या: 13 तारखेला रात्री 11:50 ला, आणि 14 ला पहाटे 12:10, 5:20 व 5:40 ला एकेक एंट्री केली. मग 14 तारखेचा रोजचा रिपोर्ट काढला.

अपेक्षित: 14 च्या तीन एंट्र्या.

प्रत्यक्षात: फक्त 5:40 ची दिसते. 12:10 आणि 5:20 च्या 13 च्या रिपोर्टमध्ये आहेत. एंट्रीच्या स्क्रीनवर मात्र तारीख 14 च दिसते.

परिणाम: रात्रपाळीचा हिशोब रोज हाताने जुळवावा लागतो, दोन माणसांचा सुमारे पाऊण तास जातो. महिनाअखेरचं बिल याच रिपोर्टवरून निघतं, त्यामुळे 30 तारखेआधी उपाय हवा आहे. तोवर दोन दिवसांचा एकत्र रिपोर्ट काढून काम चालवतोय.

अडचण मागच्या अपडेटनंतर लक्षात आली, आधी होती का ते तपासलेलं नाही.

बघा, "गायब" हा शब्दच गेला, कारण एंट्र्या गायब नाहीत, चुकीच्या दिवसात आहेत. व्हेंडरच्या डेव्हलपरने 5:20 आणि 5:40 यांच्यातली रेघ पाहिली की त्याच्या डोक्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, येणार, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे ना, म्हणजे तिच्यात तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. पण ते कारण तुम्ही ठामपणे लिहू नका, लिहायचंच तर "शंका" म्हणून वेगळ्या ओळीत, नाहीतर अंदाज चुकला की तो माणूस आधी तुमचा अंदाज खोडत बसतो आणि मूळ अडचण बाजूला पडते.

आता नम्रपणाचं. "वाट लावली" काढा, पण परिणाम मवाळ करू नका. "थोडी अडचण होते" असं लिहिलं की प्रायॉरिटी खालची लागते, आणि उगाच "अतिशय अर्जंट" लिहिलं तरी पुढच्या वेळी कोणी मनावर घेत नाही. म्हणून कोणाचं काम अडलंय, रोज किती वेळ जातो, कोणत्या तारखेला अडेल, एवढं सरळ लिहा. तात्पुरता उपाय असेल तर तोही सांगा, त्याने प्रायॉरिटी एक पायरी खाली गेली तरी चालेल, लपवला आणि नंतर कळलं तर तुमच्या पुढच्या तिकिटांवर विश्वास राहत नाही.

सुपरवायझरचा मूळ मेसेज स्वतःच्या नोंदीत ठेवा, आणि त्यात "शिवाय प्रिंट पण हळू होतं" असं काही असेल तर त्याचं तिकीट वेगळं काढा, कारण दोन बग एका तिकिटात टाकले की एक सुटल्यावर दुसऱ्यासकट तिकीट बंद होतं.