जुना फ्लॅट भाड्यानं देताना वायरिंग: स्वतः तपासावं की लायसन्सवाल्याला बोलवावं?

राजारामपुरीतला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट 1989 चा. नवे भाडेकरू म्हणाले, गीझर आणि इंडक्शन शेगडी आम्ही आणतो, तुम्ही फक्त सॉकेट द्या. आधीच्या लोकांचं गॅसवर भागलं होतं, म्हणून किल्ली देण्याआधी वायरिंग बघायचं ठरवलं. आधी मी स्वतः पाहिलं, मग परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावलं. दोघांना जे सापडलं ते वेगळं होतं.

माझी तपासणी तासाभराची, बोर्ड न उघडता. एकेक एमसीबी बंद करायचा आणि कुठलं सॉकेट मेलं ते वहीत लिहायचं. बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच एमसीबीवर निघालं. 2000 वॅटचा गीझर आणि 1800 वॅटची शेगडी मिळून 3800 वॅट. 230 व्होल्टनं भागलं की साडेसोळा अँपिअर. त्या एमसीबीवर 32 आकडा होता, आणि जुन्या कामाच्या कागदावर तार दीड चौरस मिलिमीटरची लिहिलेली. भिंतीतल्या पाइपमधून जाणारी अशी तार साधारण 13-14 अँपिअर सुखानं वाहते. पूर्वी कधीतरी एमसीबी सारखा पडत असणार म्हणून कुणीतरी मोठा बसवला. पण एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. इथं रोज सकाळी तार तापली असती, तिचं आवरण हळूहळू कडक होऊन तडकलं असतं आणि एमसीबी गप्प राहिला असता.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार 2 किलोवॅट दिसला. इस्त्री, फ्रिज, पंखे धरून सकाळचा भार पाच किलोवॅटच्या पुढं जात होता, म्हणजे भार वाढवून घेणं आलंच. एवढं सगळं घरमालकाला फुकटात कळतं. जड उपकरण अर्धा तास चालवून बंद केल्यावर प्लग हाताला चटका देतो का, गीझर लावताच दिवे मंदावतात का, हेही बघावं. दोन्ही सैल जोडाच्या किंवा बारीक तारेच्या खुणा आहेत.

विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला. तीन पिनी टेस्टरनंही अर्थिंग ठीक दाखवलं. मी निश्चिंत झालो, आणि इथंच फसलो.

ठेकेदारानं मेन बंद करून गीझरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये मीटर लावला. वाचन शून्य. आत अर्थिंगची तार आलीच नव्हती, न्यूट्रलचाच तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडला होता. अशा जोडणीत टेस्टर फसतो. टेस्ट बटणही काही सांगत नाही, कारण ते फक्त आरसीसीबीचं यंत्र तपासतं, घराचं अर्थिंग नाही. गीझरमधून होणारी गळती न्यूट्रलमधूनच परत जाते, म्हणून आरसीसीबीला ती दिसत नाही. मागं कुठं न्यूट्रल सुटला की गीझरच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट, आणि खाली ओल्या फरशीवर उभा माणूस.

दुसरी गोष्ट मेगरची. सगळे प्लग काढून 500 व्होल्टवर आवरणाचा रोध मोजतात. तो किमान 1 मेगाओहम हवा. आम्ही मुद्दाम जुलैत मोजला. कोल्हापूरच्या पावसात भिंती ओल्या असताना जो आकडा येतो तो खरा, मे महिन्यात कोरड्या भिंती सगळं झाकतात. आमच्या बाकीच्या लाइनी 20 मेगाओहमच्या वर आल्या, म्हणून सगळं घर न उकरता गीझर आणि शेगडीला स्वतंत्र लाइन टाकली: 4 चौरस मिलिमीटर तांब्याची तार, सोबत खरी अर्थिंगची तार, प्रत्येकीला 16 अँपिअरचा एमसीबी. जुन्या लाइनीवरचा 32 चा काढून 10 चा बसवला. दोनतीन लाइनी 1 मेगाओहमच्या खाली असत्या, किंवा तारा अॅल्युमिनियमच्या निघाल्या असत्या, तर मी पूर्ण वायरिंग बदललं असतं.

मग कुठवर आपण आणि कुठून ठेकेदार? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ही रेघ आखलेली आहे: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणं चालतं, क्षमता बदलणारं काम, नवी लाइन किंवा वायरिंगची दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवी. ओळखीचा वायरमन कामाला हुशार असेल, पण परवाना नसेल तर त्याला पंख्यापुरतंच बोलवा. ठेकेदाराकडून मोजमापांचा सहीचा चाचणी अहवाल घ्या.

काही घरांत स्वतः तपासण्यात वेळ घालवूच नये. 2019 किंवा 2021 च्या पुरात पाणी शिरलेला तळमजला, जळका वास येणारा बोर्ड, नळाला हात लावताच झिणझिण्या. मेन बंद करा आणि फोन लावा.