गाडी येईपर्यंत मुलांना काय खेळवायचं?

गेल्या डिसेंबरात आमच्या सहलीची गाडी सकाळी साडेसहाला यायची होती, ती आली सात पन्नासला. तिसरी-चौथीची ३८ मुलं, आम्ही दोघी बाई, आणि रस्त्याला लागून असलेला स्टँडबाहेरचा कट्टा. दप्तरं नाहीत, खडू नाही, चेंडू असता तरी त्या रस्त्याशेजारी बाहेर काढला नसता. मी पटकन सुचला तो खेळ घेतला, ‘शिवाजी म्हणतो’. दहा मिनिटांत २५-२६ मुलं बाद झाली होती आणि कट्ट्याच्या मागे पकडापकडी खेळत होती. उरलेली १२ शहाण्यासारखी हात वर करून उभी होती, पण त्यांना सांभाळायची गरजच नव्हती.

तेव्हापासून खेळ निवडताना मी पहिली गोष्ट हीच बघते, की चुकलेल्या मुलाचं पुढे काय होतं. जे मूल आधी बाद होतं ते बहुतेक वेळा सगळ्यात चुळबुळ्या असतं, आणि आपण त्यालाच मोकळं सोडतो. ‘शिवाजी म्हणतो’ वाईट नाही. ४० काय, १०० मुलांतही तो चालतो, कारण सगळी एकाच वेळी खेळतात आणि रांग मोडावी लागत नाही. फक्त बाद करणं काढून टाकायचं. चुकला त्याने स्वतःच्या बोटावर एक चूक मोजायची आणि खेळत राहायचं. हुकूमही खाली आणणारे द्यायचे: आधी हात वर, एका पायावर उभे राहा, मग बसा, मग मांडी घाला, शेवटी डोळे मिटा. आवाज दर हुकमाला हळू करत नेला की मुलं ऐकण्यासाठी आपोआप गप्प होतात. एवढं करूनही दहा मिनिटांच्या पुढे तो ताणू नये, मुलं मुद्दाम चुकायला लागतात.

पहिली-दुसरीसाठी त्यापेक्षा ‘चिमणी उड’ बरा. सगळी बसलेली, प्रत्येकाचं एक बोट गुडघ्यावर, त्यामुळे कोणी उठून पळत नाही. चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड! म्हशीला बोट उचललं की हशा. यात भांडण ठरलेलं असतं ते कोंबडीवर. आमच्याकडे एक मुलगा कळवळून म्हणाला, “बाई, आमची कोंबडी पार झाडावर जाऊन बसते!” त्याचं खरंच होतं. म्हणून कोंबडी, मोर, शहामृग सुरुवातीला घेऊ नयेत, वाद वाढला की आवाजही वाढतो. मोठ्या मुलांना मात्र तेच पक्षी मुद्दाम द्यावेत. वटवाघूळ उडतं पण ते पक्षी नाही, एवढ्यावर पाच मिनिटं छान जातात.

वाट लांबणार हे नक्की कळलं, की हातवाऱ्यांचे खेळ पुरत नाहीत. डोकं गुंतवणारं काहीतरी लागतं. इथे बहुतेक जण कानगोष्टी किंवा भेंड्या काढतात आणि दोन्हीत फसतात.

कानगोष्टींत आवाज होत नाही म्हणून त्या शांत वाटतात. पण ३८ जणांच्या एका रांगेत प्रत्येकाला पाच सेकंद धरले, तरी वाक्य टोकाला पोचायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. त्यातली दहाच सेकंदं एकेका मुलाच्या वाट्याला येतात, बाकी वेळ ते रिकामं. आठ-आठच्या रांगा केल्या की हे सुटतं. मात्र कोणती रांग आधी, अशी शर्यत लावू नये. शर्यत लागली की कुजबुज संपते. त्याऐवजी शेवटच्या मुलाने ऐकलेलं वाक्य बोलून न दाखवता करून दाखवायचं. ‘आजोबा चष्मा शोधत बैलगाडीतून बाजाराला गेले’ हे वाक्य एका रांगेच्या टोकाला चक्क पोहत गेलेल्या आजोबांपर्यंत पोचलं होतं.

भेंड्यांचं उलट आहे. गाण्यांच्या भेंड्या दोन गटांत लावल्या की चौथ्या गाण्याला गळा काढायची चढाओढ सुरू होते. मोकळ्या मैदानावर ठीक, पण सभागृहाच्या व्हरांड्यात किंवा दवाखान्याशेजारच्या थांब्यावर नको. मी गावांच्या भेंड्या घेते, आणि गटांत नाही, सगळ्यांची मिळून एकच साखळी. ठाणे म्हटलं की शेवटी ण येतो. ण आणि ळ यांनी सुरू होणारं गाव मिळत नाही, म्हणून ण आला तर न आणि ळ आला तर ल, हे आधीच सांगून ठेवावं. मग ठाणे, नाशिक, कराड, डहाणू, नंदुरबार. आता र आला आणि इथेच खेळ अडतो, कारण आपल्याकडे पूर आणि गाव यांवर संपणारी गावं इतकी, की र आणि व पुन्हापुन्हा येतात. राजापूर म्हटलं की परत र. दोन-तीनदा असं झालं की मुलं स्वतःच शोधायला लागतात की र ला रामटेक द्यावं म्हणजे पुढे र नाहीच येणार, राहुरी देऊ नये. चौथीची मुलं हा विचार करायला लागली की वीस मिनिटं सहज जातात, आणि विचार चालू असताना गलका होत नाही. तिसरीच्या खाली हा खेळ घेऊ नका. गावंच माहीत नसतात, मग मुलं कंटाळून एकमेकांना ढकलतात.

त्यांच्यासाठी डब्याची साखळी. ‘मी सहलीला निघालो, डब्यात घेतली पोळी.’ पुढचा म्हणतो पोळी आणि चटणी, त्यापुढचा पोळी, चटणी आणि लाडू. आठ-दहा पदार्थांपर्यंत लहान मुलं नीट जातात, पुढे दमतात. प्रत्येक पदार्थाला एक हाताची खूण जोडली, पोळीला लाटणं फिरवायचं, लाडवाला मूठ वळायची, की साखळी आणखी लांबते आणि अडकलेल्याला बाकीचे न बोलता खुणेने सांगू शकतात. आमच्या त्या दिवशी शेवटी हाच खेळ तरला. मुलांचे चार गट केले, मी दोन गटांमध्ये बसले आणि दुसऱ्या बाई दोन गटांमध्ये. अट एकच, भुकेल्या मुलांबरोबर हा खेळू नये. पुरणपोळीचं नाव निघालं की डबे उघडतात.

कार्यक्रमाच्या आधीची वाट वेगळी असते. तिथे पाहुणे आले की त्या क्षणी शांतता हवी असते, आणि अर्धवट राहिलेला खेळ सोडायला मुलं तयार नसतात. तिथे मी बोटांचा पाऊस घेते. एका बोटाने तळहातावर टिचक्या, मग दोन, तीन, चार, मग पूर्ण टाळी. दोनशे मुलांनी केलं तर पत्र्यावर पाऊस कोसळल्यासारखा आवाज होतो. मग तसंच उलटं उतरत एका बोटापर्यंत यायचं आणि थांबायचं. हा एकच खेळ असा आहे की जो स्वतःहून शांततेत संपतो. मात्र तो दोन-तीन मिनिटांचाच आहे. कंटाळा घालवायला पहिल्यापासून वापरला, तर नेमक्या वेळी उतरता पाऊस कोणी पाडत नाही, सगळे टाळ्याच वाजवत राहतात. म्हणून पाहुण्यांची गाडी फाटकात दिसेपर्यंत तो राखून ठेवायचा.

गाडीसाठीही तसाच एक राखून ठेवलेला खेळ लागतो. आम्ही निघतानाच प्रत्येकाला १ ते ३८ आकडा देऊन ठेवला होता. गाडी वळताना दिसली की मी फक्त ‘एक’ म्हणायचं, पुढचे आकडे मुलांनी कुजबुजत म्हणायचे, आणि आकडा म्हणून झाला की खाली बसायचं. त्या सकाळी मोजणी २३ वर थांबली. चोवीस नंबरची मुलगी कट्ट्याच्या टोकाला चप्पल शोधत होती. ती आली, “चोवीस” म्हणाली, आणि ३८ झाल्यावरच आम्ही पहिल्या मुलाला पायरी चढू दिली.