टॉवेल रॉड निखळला: लांब गिट्टी की इपॉक्सी?

भिंतीत स्क्रू धरणारी जुनी गिट्टी बाहेर आली की आधी तिची लांबी बघा. २५ मिमीची गिट्टी टाइल आणि प्लास्टरमध्येच संपते, विटेपर्यंत पोचतच नाही. भोक गोल आणि वीट घट्ट असेल तर ८ मिमी जाड, ५० मिमी लांब नायलॉन गिट्टी उत्तम. लगेच स्क्रू कसता येतो. टाइल ओलांडेपर्यंत ड्रिलचा हॅमर मात्र बंद ठेवा. गिट्टीही टाइलच्या आत सरकवा, नाहीतर फुगताना ती टाइल तडकवते.

भोक भसकं झालं असेल तर गिट्टी नुसती फिरते. तिथे इपॉक्सीच. धूळ फुंकून काढा, भोक कोरडं करा, इपॉक्सी भरून त्यातच गिट्टी बसवा. दिवसभर टॉवेल दोरीवर. रॉड नुसता टाइलवर चिकटवणं मला पटत नाही. टाइल पोकळ वाजत असेल तर तीच सुटून येईल.