उथळ कोअरच्या फिनिशिंगला ६ चा बॉल लावावा की १० चा?

काम समोर ठेवून बोलू. प्लास्टिक मोल्डचा पी-२० प्री-हार्ड स्टीलचा कोअर, १५० बाय १०० मिमी, वरची बाजू ३०० रेडियसच्या हलक्या फुगवट्याची. म्हणजे मधोमध जवळजवळ सपाट आणि लांबीच्या टोकाला उतार साधारण साडेचौदा अंश. मशीन तीन अक्षांचं, स्पिंडल ८००० आरपीएमच्या वर जात नाही. फिनिशिंगला ०.२ मिमी स्टॉक ठेवलाय आणि दोन पासमध्ये उरणारे कंगोरे ५ मायक्रॉनपेक्षा उंच नकोत. दोन दाती सॉलिड कार्बाइडचे ६ आणि १० मिमीचे दोन्ही बॉलनोज कटर हाताशी आहेत. बरेचजण सवयीने ६ चा लावतात, लहान कटरने काम बारीक येतं म्हणून.

आधी दोन सूत्रं, म्हणजे पुढचे आकडे ताडून बघता येतील. D म्हणजे कटरचा व्यास, ap कटची खोली, Deff त्या खोलीवर प्रत्यक्ष कापणारा व्यास, ae स्टेपओव्हर म्हणजे दोन पासमधलं अंतर, आणि h कंगोऱ्याची उंची.

```
Deff = 2 * sqrt(ap * (D - ap))
h = ae^2 / (4 * D)
```

पहिलं सूत्र सांगतं की ०.२ खोलीवर १० चा बॉल खरं तर २.८ मिमीचाच कटर असतो आणि ६ चा २.१५ मिमीचा. त्यामुळे १० व्यासावर २५० मीटर प्रति मिनिट असा स्पीड काढून खूश होण्यात अर्थ नाही, प्रत्यक्षात ७० मिळतात. ६ ला ५४. कॅटलॉगमधला १५० गाठायचा तर १० च्या बॉलला सतरा हजार आरपीएम लागतील. आपल्याकडे ते नाहीत, तेव्हा दोन्ही कटर पूर्ण ८००० वरच चालवायचे.

दुसऱ्या सूत्रातून स्टेपओव्हर निघतो. ५ मायक्रॉनच्या कंगोऱ्याला ६ च्या बॉलला सुमारे ०.३५ चालतो, १० च्या बॉलला ०.४५. पास लांबीच्या दिशेने घेतले आणि फीड दोन्हीला १६०० ठेवला, तर ६ ला सत्तावीस मिनिटं लागतात, १० ला एकवीस. एका कोअरमागे सहा मिनिटं. फरक आहे, पण एवढ्यासाठी मी कटर बदलला नसता.

मला बदलायला लावलं ते फुगवट्याच्या माथ्यावरच्या धुरकट डागाने. फिनिशिंग झाल्यावर कोअर पुसून बॅटरीचा उजेड तिरका पाडला की कडेचे पास स्वच्छ, चमकदार दिसतात आणि मधला भाग राखाडी, ओढल्यासारखा. नखाला तिथे खरखर लागते. कंगोऱ्याचं गणित दोन्हीकडे तेच असतं, उंचीही बहुधा तीच येते, तरी पृष्ठभाग वेगळा.

कारण Deff चा आकडा कटच्या वरच्या काठाचा आहे. तिथे कापलेला पृष्ठभाग पुढच्या पासमध्ये निघून जातो. कोअरवर शेवटी जो पृष्ठभाग उरतो तो बॉलचा जो बिंदू खालून टेकतो त्याच्या आसपासचाच असतो, दोन्ही बाजूंना अर्ध्या स्टेपओव्हरपर्यंत. माथ्यावर हा बिंदू म्हणजे कटरचं नाक, आणि नाकाचा स्पीड शून्य. ०.४५ च्या पट्ट्याच्या काठावर गेलात तरी ११ मीटर प्रति मिनिट. एवढ्यावर स्टील कापलं जात नाही, घासलं आणि ओढलं जातं. स्टेपओव्हर आणखी बारीक केला तर कंगोरा उतरतो, पण पृष्ठभाग आणखी नाकाजवळचा होतो. म्हणून त्या डागावर स्टेपओव्हर कमी करणं हा उपाय नाही.

उतार सुरू झाला की टेकणारा बिंदू नाकापासून सरकतो. त्याचा व्यास D * sin(उतार) इतका. इथे कटरचा पूर्ण व्यास थेट गुणला जातो, आणि इथेच १० चा बॉल पुढे जातो.

आमच्या पी-२० वर साधारण २० मीटर प्रति मिनिटच्या खाली पृष्ठभाग धुरकट होतो असं मला दिसत आलंय. हे नजरेचं माप आहे, तुमच्या स्टीलवर आणि कोटिंगवर थोडं इकडेतिकडे होईल. ८००० आरपीएमला २० मीटर म्हणजे टेकण्याचा व्यास ०.८ मिमी हवा. १० च्या बॉलला तो साडेचार अंश उतारावर मिळतो, ६ च्या बॉलला साडेसात अंशाच्या थोडं पुढे. ३०० च्या फुगवट्यावर हे अंश मोजले तर १० चा डाग सुमारे ४८ मिमी व्यासाचा येतो आणि ६ चा ८० चा. कोअरची रुंदीच १०० आहे! क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट.

याचा त्रास पॉलिशला होतो. कडेचे कंगोरे स्टोनने भराभर उतरतात, मधला ओढलेला भाग उतरत नाही. मग पॉलिशवाले दादा मध्येच जास्त घासतात, आणि माथा कडेच्या तुलनेत बसतो. प्लास्टिकचा चकचकीत पार्ट ट्यूबलाइटखाली धरला की प्रतिबिंब मध्ये वाकतं. तेव्हा वेल्डिंग करून पुन्हा मशीनवर घेण्याखेरीज फारसं काही उरत नाही. डाग लहान असेल तर तो आजूबाजूला मिसळत घासायला जागा राहते. माझ्यासाठी निकाल इथे लागला.

६ च्या बाजूनेही सांगायला हवं. कोअरच्या पायथ्याशी ४ चा फिलेट असेल तर १० चा बॉल तिथे बसतच नाही, त्याची स्वतःची त्रिज्या ५ आहे. तो भाग ६ नेच रेस्ट मशीनिंगमध्ये करावा लागतो, आणि दोन कटरच्या सांध्यावर लांबी अचूक न लागल्यास रेघ उठते. सांधा फुगवट्यावर न आणता फिलेटच्या वरच्या काठाला नेला तर सहसा निभावतं. पातळ, थरथरणाऱ्या कामावर १० चा संपर्क जास्त असल्याने चॅटर येऊ शकतो. आणि तुमच्या स्पिंडलला २४,००० असतील तर ६ चा डाग २७ मिमीच्या आसपास आटोपतो. अशा मशीनवर मी ६ ला नाही म्हणणार नाही.

शक्य असेल तर कोअर तिरपा बांधा. रुंदीच्या दिशेने १५ अंशाचा साइन ब्लॉक घेतला तर १० च्या बॉलचा डाग पूर्णपणे कोअरच्या बाहेर पडतो. ६ च्या बॉलला त्यासाठी १८ अंश लागतात. होल्डरची धडक आणि नव्याने सेटिंग घेण्याचा वेळ पाहता दरवेळी हे परवडत नाही, पण चकचकीत पार्ट असेल तर मी करतो. साधा टेक्श्चरचा पार्ट असेल तर सरळ बांधून १० चा बॉल, ०.४५ स्टेपओव्हर आणि फिलेटपुरता ६, एवढ्यावर मी काम सोडतो.