एक तारा, दोन उत्तरं

समजा, कोकणातल्या एका होमस्टेला गूगलवर एक तारा मिळाला: ‘रात्रभर एसी बंद. मालकांनी फोन उचलला नाही. पैसे पाण्यात गेले.’

पहिलं उत्तर: ‘आदरणीय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया ईमेलवर संपर्क साधा.’

दुसरं: ‘नमस्कार. शनिवारी रात्री अकराला वीज गेली. इन्व्हर्टरवर आमचे फक्त पंखे चालतात, एसी नाही. हे बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. फोन सायलेंटवर होता, ती चूक माझीच. त्या रात्रीचं भाडं परत करतो आहे, आज संध्याकाळी फोन करतो. – मालक’

पहिल्यात उद्धट काही नाही, पण ते गार जेवणाच्या तक्रारीखालीही जसंच्या तसं चिकटवता येईल. एसी, फोन, पैसे यांतल्या एकाचंही उत्तर त्यात नाही, आणि पुढचं काम ग्राहकावरच ढकललंय. दुसऱ्यात तिन्ही आहेत. विजेचं कारण आधी आलं, तरी ते सबब वाटत नाही, कारण लगेच पुढे ‘सांगितलं नाही’ येतं. हे वाक्य गाळलं तर सगळा दोष वीज कंपनीवर जातो. खाली सही ‘टीम’ची नाही, माणसाची आहे.

मी दुसरंच निवडेन, पण एका अटीवर: संध्याकाळी फोन खरंच जायला हवा. आणि ग्राहकाचं नाव, खोली, रक्कम उत्तरात लिहू नये. तक्रारीतला एखादा मुद्दा चुकीचा असेल, तर तो एका वाक्यात शांतपणे सांगावा, ‘तुम्ही खोटं बोलताय’ न म्हणता.