जुना डेस्कटॉप, चार कॅमेरे आणि motion: पावसाळ्यापासून रंगपंचमीपर्यंतचा अनुभव

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे, पुढे ओटला, मागे बोळ. चार आयपी कॅमेरे लावलेत आणि रेकॉर्डिंगला डीव्हीआर वगैरे न घेता घरात पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून motion नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवतोय. पूर्ण पावसाळा, थंडी आणि रंगपंचमी यातून गेलंय, म्हणून आता सविस्तर लिहितो, कारण सगळे फक्त इन्स्टॉल कसं करायचं तेवढंच सांगतात आणि पुढे काय होतं ते कोणीच सांगत नाही.

आधी हिशोब. एका कॅमेऱ्याचा मेन स्ट्रीम 2 एमबीपीएस धरला तर दिवसाला साधारण 21.6 जीबी, चार कॅमेऱ्यांचे 86 जीबीच्या वर, म्हणजे 1 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत फुल. आणि त्यातला बहुतेक वेळ रिकामी गल्लीच दिसते. म्हणून फक्त हालचाल झाली तेवढीच क्लिप ठेवायची. गेटवाल्या कॅमेऱ्यात दिवसभराची हालचाल मिळून तीन तास भरली तर 2.7 जीबीत काम होतं.

जुन्या मशीनवर हे चालायचं कारण एकच, motion ला दोन स्ट्रीम देता येतात. netcam_url मध्ये छोटा सब स्ट्रीम दिला की हालचाल त्यावर बघितली जाते, netcam_high_url मध्ये मोठा दिला की क्लिप त्याची बनते (ही नावं व्हर्जनप्रमाणे थोडी बदलतात). त्याच्या जोडीला movie_passthrough on केलं की मोठा व्हिडिओ परत एन्कोड न होता कॅमेऱ्याकडून आला तसाच फाइलमध्ये जातो, सीपीयूवर फारसा लोड येत नाही. पण यात एक गोष्ट बघावीच लागते. पासथ्रूची क्लिप की-फ्रेमपासूनच नीट सुरू होते. कॅमेऱ्यात 12 एफपीएस आणि आय-फ्रेम इंटरव्हल 50 असं असेल तर की-फ्रेम चार सेकंदांतून एकदा येते, आणि गल्लीतून पळत जाणारा माणूस चार सेकंदांत निघून जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये इंटरव्हल 12 केला, म्हणजे सेकंदाला एक. फाइल जराशी जड होते पण क्लिपची सुरुवात हातात येते.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. रात्री कॅमेऱ्याचे आयआर लाइट लागले की किडे थेट लेन्ससमोर घिरट्या घालतात, आणि लेन्सच्या इतक्या जवळ असतात की एक पतंग आख्ख्या माणसापेक्षा मोठा दिसतो. त्यामुळे threshold वाढवून काही उपयोग नाही, तो म्हणजे किती पिक्सेल बदलले तेवढाच आकडा (मुळात 1500 असतो), पतंगाला गाळायला गेलात तर माणूस आधी गळतो. कोळ्याचं जाळं तर त्याहून वाईट, एक धागा वाऱ्यावर हलत राहतो आणि रात्रभर क्लिपा बनत राहतात. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. मागच्या बोळातल्या कॅमेऱ्याचा आयआर बंद केला, तिथे भिंतीवर लांब एक एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवला आणि दर आठवड्याला कुंच्याने जाळं काढतो. सकाळी फोल्डरमध्ये त्या कॅमेऱ्याच्या क्लिपा अचानक वाढलेल्या दिसल्या की समजायचं जाळं लागलंय.

झाडाच्या फांद्यांसाठी मात्र मास्क चांगला चालतो. सब स्ट्रीमच्या साइजचीच (माझी 640×360) एक करडी PGM इमेज बनवायची, जिथे बघायचं नाही तिथे काळा रंग भरायचा आणि mask_file मध्ये तिचा पत्ता द्यायचा. आमच्या गेटवरच्या कडुनिंबाचा भाग असा काळा केलेला आहे. थंडीत एका रात्री शेजारच्या काकांच्या ओटल्यावरून पाण्याची मोटर चोरीला गेली. ते सकाळीच आले, "अरे, तुझ्या कॅमेऱ्यात काही आलं असेल तर बघ ना जरा." क्लिप होती, पण माणूस मोटर घेऊन निघाला तिथूनच सुरू झाली होती, कारण येताना तो कडुनिंबाखालून आला, म्हणजे मास्कच्या आतून. आला कुठल्या बाजूने हे क्लिपवरून कळणं शक्यच नव्हतं. ते कळलं सब स्ट्रीमच्या सलग रेकॉर्डिंगवरून, चेहरा धूसर पण गाडी कोपऱ्यावर लावून चालत येताना स्पष्ट दिसतोय.

म्हणून माझं ठाम मत आहे की नुसत्या मोशन क्लिपांवर राहू नका. सब स्ट्रीम 256 केबीपीएसचा असेल तर दिवसाला एका कॅमेऱ्याचे पावणेतीन जीबी, चार कॅमेऱ्यांचे तीन दिवस ठेवले तरी 33 जीबी. मी तो ffmpeg ने दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कॉपी करतो. क्लिपा वीस दिवस, सलग रेकॉर्डिंग तीन दिवस.

आता डिलीटचं. रोज पहाटे क्रॉनमधून एवढंच चालतं:

```
mountpoint -q /mnt/cctv || exit 1
find /mnt/cctv/motion -name '*.mkv' -mtime +19 -delete
find /mnt/cctv/sub -name '*.mkv' -mtime +2 -delete
```

-mtime +2 म्हणजे दोन नाही, पूर्ण तीन दिवस झालेल्या फाइली, find अपूर्ण दिवस मोजतच नाही, त्यामुळे आकडा एकने कमी लिहायचा. पहिली ओळ डिस्क खरंच जोडलेली आहे का ते बघते. लाइट जाऊन आल्यावर कधी कधी डिस्क माउंट होत नाही आणि मग रेकॉर्डिंग त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या छोट्या डिस्कवर, भरत जातं, म्हणून हीच तपासणी motion सुरू होण्याआधीही लावलीये. आणि जुनं मशीन असेल तर मदरबोर्डवरचा CR2032 सेल आधीच बदलून टाका. घड्याळ मागे गेलं तर आजच्या क्लिपवर जुनी तारीख पडते आणि पहाटे ती जुनी म्हणून उडते.

डिलीट आपोआप होतं पण रेकॉर्डिंग थांबलं तर तेही गुपचूपच थांबतं, आणि वीस दिवसांत फोल्डर रिकामं. सब फोल्डरमध्ये गेल्या अर्ध्या तासातली एकही फाइल नसेल (find मध्ये -mmin -30) तर फोनवर मेसेज येतो. हे कॅमेऱ्यागणिक वेगळं बघायचं, नाहीतर तीन चालू असले की चौथा बंद पडलेला कळत नाही.

रंगपंचमीला गेर निघते तेव्हा आमच्या गल्लीत दिवसभर माणसांची रीघ असते. event_gap 60 सेकंदांचा आहे, तेवढा निवांतपणा त्या दिवशी मिळतच नाही, म्हणजे इव्हेंट संपत नाही आणि दिवसभराची एकच फाइल वाढत बसते. movie_max_time 300 ठेवलं की पाच मिनिटांनी नवी फाइल सुरू होते, लाइट गेलीच तर फार तर शेवटचा तुकडा जातो. रंगापासून वाचवायला कॅमेऱ्यावर पिशवी बांधली असेल तर संध्याकाळी आठवणीने काढा, रात्री आयआरचा उजेड प्लास्टिकवरून परत येतो आणि चित्र पांढरंफटक दिसतं.

मोटरच्या चोरीची क्लिप आणि त्या रात्रीचे सबचे तुकडे मी लगेच वेगळ्या keep फोल्डरमध्ये टाकले, तिकडे find जातच नाही, आणि sha256sum काढून आकडा लिहून ठेवला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या सर्टिफिकेटमध्ये फाइलची हॅश व्हॅल्यू मागतात. पोलिसांना पेन ड्राइव्हवर कॉपी दिली ती मूळ .mkv ची, मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून नाही.