व्हॉट्सअॅपवरून बिलं, हिशेब शीटमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

छोट्या गिऱ्हाइकांना ईमेलवर बिल पाठवलं तर ते बहुतेक वेळा उघडलंच जात नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलं की त्याच दिवशी उत्तर येतं. पाठवण्याच्या बाबतीत हा मार्ग उत्तम आहे, याबद्दल आता शंका उरलेली नाही. पण "चॅटमध्ये सगळं आहेच की" असं म्हणून चॅटलाच वही मानलं तर काही महिन्यांत हिशेब जुळेनासा होतो. म्हणून इथे व्हॉट्सअॅप बिझनेस, साधी स्प्रेडशीट आणि पीडीएफचं एक फोल्डर अशा तिघांच्या जोडीबद्दल लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे: आधी शीटमध्ये ओळ, मग पीडीएफ, मग मेसेज. बिलाचा नंबर शीटमधूनच घ्यायचा. चॅटमधलं शेवटचं बिल पाहून पुढचा नंबर टाकला की एकच नंबर दोघांना जातो, कारण ते शेवटचं बिल एका गिऱ्हाइकाच्या चॅटमधलं असतं, आपलं शेवटचं नव्हे. ओळ आधी लिहिलेली असली की पाठवायचं राहून गेलेलं बिलसुद्धा शीटमध्ये दिसतं. उलट क्रमाने काम केलं तर पाठवलेलं पण न लिहिलेलं बिल कुठेच दिसत नाही.

पीडीएफचं नाव असं ठेवतो:

```
B-0147_2025-03-14.pdf
```

वर्ष-महिना-दिवस या क्रमामुळे फोल्डरमध्ये फायली तारखेने शोधणं सोपं जातं. बिल फोटो म्हणून कधीच पाठवू नये. फोटो पाठवताना दाबून लहान केला जातो, बारीक आकडे धूसर होतात आणि मूळ नाव जाऊन `IMG-20250314-WA0007.jpg` असलं काहीतरी उरतं. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आहे तशी आणि नावासकट पोचते. सोबत एका ओळीचं कॅप्शन हवंच: बिल नंबर, रक्कम, देण्याची तारीख. चॅटमधला शोध मेसेजचे शब्द शोधतो, पीडीएफच्या आत शिरत नाही, त्यामुळे नंतर बिल सापडतं ते बरेचदा याच ओळीमुळे. मात्र गिऱ्हाइकाने फाईल पुढे त्याच्या हिशेबनिसाला धाडली तर कॅप्शन सोबत जाईलच असं नाही. म्हणून जे लिहायचं ते पीडीएफमध्येही असलंच पाहिजे.

पीडीएफ ज्या नमुन्यातून बनते त्यात तारखेच्या जागी `TODAY()` असेल तर ते आजच काढून टाका. महिन्याभराने "बिल पुन्हा पाठवा" असा निरोप येतो, नमुना उघडून नवी पीडीएफ काढली जाते आणि त्याच नंबरच्या बिलावर नवी तारीख छापली जाते. मग दोन वेगवेगळे कागद, दोन्ही खरे वाटणारे. पुन्हा पाठवायचं तर फोल्डरमधली तीच जुनी फाईल पाठवावी. असे निरोप येतच राहतात, कारण समोरच्याने फाईल वेळेत डाउनलोड केली नाही किंवा फोन बदलला तर चॅटमध्ये नुसतं नाव उरतं, फाईल उघडत नाही.

टिकचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. एक करडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे समोरच्याने चॅट उघडला. पीडीएफ उघडली याचा पुरावा कुठलीच टिक देत नाही, आणि वाचल्याची खूण बंद ठेवणाऱ्यांकडून निळी टिक येतच नाही. एकच टिक दोन-तीन दिवस राहिली तर फोन करावा. न पोचलेला मेसेज सर्व्हरवर ३० दिवसच थांबतो, नंतर काढून टाकला जातो. मेसेजवर दाबून धरलं की माहितीत पोचल्याची वेळ दिसते. ती तारीख शीटमध्ये उतरवून घ्यावी, कारण चॅट एक्स्पोर्ट केला तरी त्यात टिक येत नाहीत.

आता खरी परीक्षा दुरुस्तीची. समजा `B-0147` हे बिल १२ नगांचं, प्रत्येकी २००, एकूण २,४००. गिऱ्हाईक कळवतं की नग १० च मिळाले. इथे बिल "सर्वांसाठी डिलीट" करून त्याच नंबरचं नवं पाठवण्याचा मोह होतो. तसं करू नये. पहिली फाईल समोरच्याने आधीच उतरवलेली असू शकते, आणि चॅटमध्ये मेसेज डिलीट केल्याची खूण राहते, पण काय डिलीट केलं ते राहत नाही. पुढे वाद झाला तर ही खूण आपल्याच विरोधात दिसते. बिल तसंच ठेवून ४०० ची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, काढावी, तिला स्वतःचा नंबर द्यावा, तिच्यात `B-0147` चा उल्लेख असावा, आणि मूळ बिलाच्या मेसेजला रिप्लाय करूनच ती पाठवावी. मग ती चॅटमध्ये बिलाशी बांधलेली राहते.

शीटमध्ये दोन पानं पुरतात. `Bills` मध्ये नंबर, तारीख, गिऱ्हाईक, पोचल्याची तारीख आणि रक्कम. `Jama` मध्ये तारीख, बिल नंबर, प्रकार, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. क्रेडिट नोटही `Jama` मध्येच लिहायची, प्रकार वेगळा टाकून. वरच्या उदाहरणात तिथे तीन ओळी होतात: क्रेडिट नोट ४००, मग जमा १,५००, काही दिवसांनी जमा ५००. बाकी `Bills` च्या सहाव्या रकान्यात आपोआप निघते:

```
=E2-SUMIF(Jama!B:B,A2,Jama!D:D)
```

पहिल्या जमेनंतर ५०० दिसतात, दुसऱ्यानंतर शून्य. उत्तर उणे आलं तर बहुधा एकच रक्कम दोनदा लिहिली गेली आहे किंवा दुसऱ्या बिलाचे पैसे इथे पडले आहेत. बाकी हलतच नसेल तर नंबर तपासा. `B-0147` आणि `B-147` हे सूत्रासाठी दोन वेगळे नंबर आहेत, आणि ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते.

जमेची ओळ गिऱ्हाइकाने पाठवलेला पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट पाहून लिहू नये. तो प्रक्रियेत अडकलेल्या व्यवहाराचा असू शकतो, किंवा मागच्याच महिन्याचा पुन्हा आलेला असू शकतो. खात्यात रक्कम दिसली, संदर्भ क्रमांक उतरवला, मगच ओळ लिहायची. त्यानंतर बिलाच्या मेसेजला रिप्लाय करून "१,५०० मिळाले, बाकी ५००" एवढं कळवलं की समोरच्याचाही हिशेब जुळत राहतो. बिझनेस अॅपमधली लेबलं "पैसे बाकी" वगैरे दाखवायला छान आहेत, पण चॅटला लावलेलं लेबल अख्ख्या चॅटचं असतं आणि बाकी बिलाची असते. एकाच गिऱ्हाइकाची तीन बिलं असली की असं लेबल निरुपयोगी ठरतं.

आपोआप नाहीसे होणारे मेसेज मात्र फारच जपून. ही सोय समोरचाही चालू करू शकतो, आणि त्यानंतरचे मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत जातात. चालू झाल्याची एक छोटी सूचना चॅटमध्ये दिसते, तेवढाच इशारा. पीडीएफ फोल्डरमध्ये आणि तारखा शीटमध्ये असतील तर यातून फारसं बिघडत नाही. तोंडी ठरलेले दर, सवलती मात्र चॅटमध्येच असतात. ते त्याच दिवशी शीटच्या शेऱ्यात लिहावेत. चॅट एक्स्पोर्टवर विसंबू नये: मीडियासह सर्वांत अलीकडचे १०,००० मेसेज निघतात, मीडियाशिवाय ४०,०००, आणि ती साधी मजकुराची फाईल कोणीही बदलू शकतं.

दोघंजण एकाच नंबरवरून काम करत असतील तर गिऱ्हाइकाला दोघांचे मेसेज एकाच नावाने दिसतात. तेव्हा शीटमध्ये "कोणी पाठवलं" हा आणखी एक रकाना ठेवावा आणि नंबर देण्याचं काम एकाकडेच असावं.